एकशे नव्याण्णव माग

एकदा एक कोष्टी वाफेच्या इंजिनासमोर सबंध चार महिने नुसता बसून होता. बसून म्हणजे अगदी बसून. हाताला काम नाही, अंगाला घाम नाही, डोळे मात्र समोर लावलेले. गिरणीतले लोक त्याला हसत, आणि त्यांचं तरी काय चुकलं? हसण्यासारखंच होतं ते.

हा कोष्टी हिराजी. नदीकाठच्या एका विणकरांच्या गावचा. त्याच्या घरात हातमाग होता आणि बापजाद्यांपासून एक रीत होती: मागावर माणूस बसला तर माग चालतो, उठला तर थांबतो. पाणी प्यायला उठा, दाराशी आलेल्या पाहुण्याशी चार शब्द बोला, पाठ दुखली तर जरा आडवे व्हा, माग बिचारा वाट पाहत राहायचा. अमावास्येला तर मागाला पूर्ण विसावा. सूर्य डोक्यावर आला की विणकराने आडवा धागा नेणारा धोटा कपाळाला लावायचा, अर्ध्या विणलेल्या कापडावर ठेवायचा आणि हात आवरायचे. मग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मागाला कोणी बोट लावत नसे. का, असं कोणी विचारतही नसे.

मग गावाबाहेर एका शेठजींनी दोनशे मागांची गिरणी उभी केली. धुरांडं आलं, भोंगा आला. गिरणीचं कापड बाजारात इतकं स्वस्त पडू लागलं, की हातमागाचं कापड घरातच पडून राहिलं. हिराजी आणि त्याचा थोरला भाऊ रावजी, दोघेही मुकाट्याने गिरणीत जाऊन उभे राहिले. दुसरं करणार काय?

आणि पहिल्याच आठवड्यात हिराजीने अशी चूक केली, की जी फक्त हातमागाचा माणूसच करू शकतो. त्याला तहान लागली. तो उठला आणि पाणी प्यायला गेला. पाणी प्यायला, तोंडावर पाणी मारलं, कोणाशी तरी हसला आणि सावकाश परत आला. इकडे मागाचा धोटा केव्हाच रिकामा झाला होता, पण माग काही थांबला नव्हता. त्या जुन्या मागांना सूत संपल्यावर आपोआप थांबायची अक्कल नव्हती. धोटा नुसताच इकडून तिकडे धडाधड जात होता आणि हातभर लांब नुसता उभा ताणा पुढे सरकला होता, आडव्या धाग्याचा पत्ताच नाही. हिराजी त्या जाळीकडे बघतच राहिला. आपण उठलो तरी माग चालतो, हे त्याच्या डोक्यातच शिरेना.

त्याला मागावरून काढलं. घरी पाठवणार होते, पण इंजिनघरातले म्हातारे वस्ताद मध्ये पडले. या वस्तादांचं खरं नाव गावात कोणालाच माहीत नव्हतं. ऐन उमेदीची वर्षं त्यांनी आगबोटीच्या इंजिनांवर काढली होती, दोन्ही हातांवर वाफेने भाजल्याच्या पांढऱ्या खुणा होत्या आणि बोलणं मोजकं होतं. त्यांनी शेठजींना सांगितलं, की हा माणूस मला द्या, याला अजून आश्चर्य वाटतं.

वस्तादांनी पहिल्या दिवशी हिराजीला सगळं इंजिन हिंडवून दाखवलं. बॉयलरखाली कोळसा पेटतो, पाण्याची वाफ होते. कोंडलेली वाफ नळातून सिलिंडरमध्ये येते आणि आतल्या दट्ट्याला एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने ढकलते. दट्ट्या मागेपुढे धावतो, त्याला जोडलेला दांडा भलं मोठं चाक फिरवतो. त्या चाकावरून पट्टा निघतो तो मागांच्या छपराखाली फिरणाऱ्या लांब लोखंडी दांड्याकडे, आणि त्या एका दांड्यावरून दोनशे पट्टे दोनशे मागांवर उतरतात. म्हणजे माग दोनशे, पण सगळ्यांचा जीव या एका खोलीत.

एवढं दाखवून झाल्यावर हिराजीला वाटलं, आता आपल्या हातात पाना येणार. कसलं काय! वस्तादांनी त्याला एका बाकड्यावर बसवलं. समोर एक उभा खांब गरगर फिरत होता. त्याच्या डोक्यावरून दोन हात लोंबत होते आणि प्रत्येक हाताच्या टोकाला लोखंडाचा एकेक जड गोळा. वस्तादांनी समजावलं. हा खांब इंजिनच फिरवतं. इंजिन जोरात धावू लागलं की गोळे बाहेर फेकले जातात, वर चढतात आणि चढता चढता वाफेच्या नळातलं झाकण मिटवत आणतात, मग इंजिन आवरतं. इंजिन मंदावलं की गोळे खाली येतात, झाकण उघडतात आणि वाफ जास्त मिळते. माणसाने हात न लावता इंजिनाचा वेग राखणारे असे हे दोन गोळे.

“यांच्याकडे बघ आणि मागांच्या दालनात न जाता मला सांग, आत्ता किती माग चालू आहेत.”

हेच काम, रोज, चार महिने. हिराजी आकडा सांगायचा, मग आत जाऊन मोजून यायचा आणि त्याचा आकडा सपशेल चुकलेला असायचा. तो मनात चरफडायचा. हे शिक्षण आहे की थट्टा? पण हळूहळू त्याची नजर बसली. माग बंद झाले, की इंजिनावरचं ओझं तेवढं हलकं होतं, इंजिन किंचित जोर धरतं, गोळे किंचित वर राहतात. भिंतीवर त्याने कोळशाने रेघा मारल्या. दहा माग सुटले तर गोळे केसभर वर. पन्नास सुटले तर बोटभर. शंभर सुटले तर चांगली चार बोटं. एक माग सुटला तर मात्र काही नाही. हिराजीने डोळ्यांत तेल घालून पाहिलं, श्वास रोखून पाहिलं, पण एका मागाने गोळे हलले नाहीत ते नाहीतच.

एक दिवस त्याने वस्तादांना ते सांगितलं, जरा खिन्न होऊनच सांगितलं. वस्ताद म्हणाले, “हेच पाठ कर.” आणि तेलाची बुधली घेऊन निघून गेले. बोलायचं म्हणून एक अक्षर जास्त नाही.

पुढे शेठजींना घाई झाली. शेजारच्या शहरात कोणाची तरी मोठी गिरणी उभी राहिली होती आणि आपलं कापड रोज जास्त निघायला हवं, असं त्यांच्या मनाने घेतलं. मागांवर धोटा मिनिटाला दीडशे वेळा जात होता, तो पावणेदोनशे वेळा गेला पाहिजे. आता दोनशे विणकरांना ओरडून वेग वाढतो का? हातमागाच्या काळात मालकाला प्रत्येकाच्या घरी जाऊन हातापाया पडावं लागलं असतं. इथे एकच गोष्ट पुरत होती. गोळ्यांच्या खांबाच्या पायथ्याशी ताटलीएवढं एक चाक होतं, इंजिनाचा पट्टा त्यावरून जायचा. त्या जागी जरा मोठं चाक बसवलं की खांब हळू फिरतो. गोळ्यांना वाटतं इंजिन मंदावलं, ते खाली उतरतात, वाफेचं झाकण उघडं ठेवतात, आणि इंजिन खुशाल जोरात धावतं. गोळ्यांना फसवा म्हणजे दोनशे माणसांचे हात वेगाने हलतात. शेठजींनी ते मोठं चाक घडवून आणलं आणि वस्तादांच्या पुढ्यात ठेवलं.

हिराजीला खात्री होती, की म्हातारा ते चाक शेठजींच्या अंगावर भिरकावील. वस्तादांनी चाक हातात घेतलं, फिरवून पाहिलं, पाना मागितला आणि दुपारच्या सुट्टीत ते मुकाट्याने बसवून टाकलं.

हिराजीचा विश्वास बसेना. ज्या माणसाला तो देवाच्या खालोखाल मानत होता, त्याने इतक्या सहज मान तुकवावी? विणकरांमध्ये तर वस्तादांच्या नावाने शिव्यांची लाखोली सुरू झाली. ती त्यांच्या कानावर जात होती. ते तेल घालत राहिले.

वेग वाढला आणि मागांच्या दालनात माणसांच्या नाकी नऊ आले. ताणा तटातट तुटू लागला. एक धागा गाठावा तोवर दुसरा तुटे. आणि कोणी काही करायच्या आत जे व्हायचं ते झालं. बाराव्या दिवशी एका मागावरून धोटा उडाला. लाकडी धोटा, टोकाला लोखंड, त्या वेगाने सुटलेला. तो नेमका रावजीच्या डाव्या डोळ्यावर बसला.

वैद्याने पट्टी बांधली आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, की या डोळ्याची आशा सोडा. रावजीच्या घरी चार खाणारी तोंडं होती. एका डोळ्याचा माणूस त्या वेगाच्या मागावर किती दिवस टिकणार, आणि दुसरा डोळा किती दिवस टिकणार, हे उघडच होतं. बोलायची गरजच नव्हती.

हिराजी तडक इंजिनघरात आला. त्याने पाना उचलला आणि तो थेट गोळ्यांच्या खांबाकडे निघाला. ते चाक आजच उखडून फेकायचं, मग शेठजी काय करायचं ते करोत. वस्ताद वाटेत आडवे उभे राहिले.

“तू हे काढशील,” ते म्हणाले, “संध्याकाळी तुला घरी पाठवतील आणि सकाळी दुसरा कोणी ते परत बसवील.”

“तुम्ही बसवलंत, वस्ताद! माझ्या भावाचा डोळा तुम्ही घेतलात.”

म्हातारा वाटेतून हटला नाही. मग म्हणाला, “हो. मला वाटलं होतं धागे तुटतील, माणसं चिडतील. डोळा जाईल हे माझ्या ध्यानात आलं नाही. तिथे मी चुकलो, आणि ते ओझं मी मरेपर्यंत वाहीन. पण तू पाना खाली ठेव. उद्यापासून रावजीच्या मागावर उभा राहा.”

हिराजीला वाटलं, म्हाताऱ्याला भ्रम झाला. पण रावजीची जागा दुसऱ्याला गेली असती तर ती कायमची गेली असती, म्हणून तो दात खाऊन मागावर उभा राहिला.

चार महिने इंजिनाच्या बाजूने पाहिलेलं आता त्याने मागाच्या बाजूने पाहिलं. प्रत्येक मागाला शेजारी शेजारी दोन चाकं होती. एक मागाला घट्ट बसवलेलं, दुसरं सैल, नुसतंच फिरणारं. विणकराच्या हाताशी एक मूठ होती. ती एका बाजूला ओढली की पट्टा घट्ट चाकावर येतो आणि माग धावतो. दुसऱ्या बाजूला ढकलली की पट्टा सैल चाकावर घसरतो आणि माग थांबतो, इंजिन मात्र फिरतच राहतं. हिराजीने त्या मुठीशी दिवसभर झटापट केली. त्याला माग थोडा, अगदी थोडा हळू चालवायचा होता. ते जमेना, कारण ते जमणारच नव्हतं. मूठ इकडे म्हणजे इंजिनाचा वेग, मूठ तिकडे म्हणजे सगळंच बंद. मधलं काही नाही.

सावकाश हा शब्दच या छपराखालून गेला होता. घरच्या मागावर माणूस थकला की त्याचे हात मंदावत आणि कापड तेवढं उशिरा निघे. इथे थकव्याला जागाच ठेवलेली नव्हती. दमलेल्या माणसाला आता एकच गोष्ट शिल्लक होती, थांबणं.

हा विचार मनात आला आणि हिराजीला एकदम ती भिंतीवरची कोळशाची रेघ दिसली. एका मागाने गोळे हलत नाहीत. दहाने केसभर. पन्नासने बोटभर. म्हाताऱ्याने चार महिने आपल्याकडून काय पाठ करून घेतलं, ते त्याला तिथे, त्या कानठळ्या बसवणाऱ्या खडखडाटात उमगलं. त्याला हसू आलं आणि रडूही आलं.

त्या संध्याकाळी घरी परतताना त्याने भेटेल त्या विणकराला एकच वाक्य सांगितलं, की परवा अमावास्या आहे. बस्स, एवढंच. गिरणी सुरू झाल्यापासून अमावास्येला कोणी माग थांबवला नव्हता, पण सूर्य डोक्यावर आल्यावर काय करायचं, हे दोनशेपैकी एकालाही शिकवायची गरज नव्हती. शेठजींच्या कारकुनानेही ते वाक्य ऐकलं. त्याला वाटलं, तिथी सांगतायत.

अमावास्येच्या दिवशी सकाळपासून माग धावत होते. छपरातल्या झरोक्यातून उन्हाची एक पट्टी फरशीवर पडायची, ती सरकत सरकत भिंतीपासून मधल्या वाटेवर आली. ती वाटेच्या मध्यावर आली आणि हिराजीने मूठ ढकलली. त्याचा पट्टा सैल चाकावर गेला. माग थांबला. त्याने धोटा कपाळाला लावला आणि कापडावर ठेवला. आपला एकच थांबला तर? गोळ्यांना पत्ताही लागायचा नाही.

शेजारचा माग थांबला. मग त्याच्या पलीकडचा. मग पुरी रांग. मग दुसरी, तिसरी. खडखडाट ओसरत ओसरत गेला आणि शेवटी फक्त छपराखालचा तो लांब दांडा उगाचच घरघरत राहिला, आणि दोनशे पट्टे सैल चाकांवर नुसतेच फिरत राहिले. कोणी पळालं नाही, कोणी घोषणा दिली नाही. दोनशे माणसं आपापल्या मागापाशी हात आवरून उभी राहिली. मुकादमाने आरडाओरडा केला, पण तो पहिल्यांदाच इतका स्पष्ट ऐकू येत होता, की त्यालाच ते विचित्र वाटलं आणि तो गप्प झाला.

मग इंजिनघराच्या छपरावरून एक किंकाळी फुटली. नवखे दचकले. हिराजी दचकला नाही. इंजिनघरात काय झालं असेल, हे त्याला जागच्या जागी दिसत होतं. ओझं उतरलं, इंजिन क्षणभर उधळलं, गोळे तटकन वर गेले, वाफेचं झाकण जवळजवळ मिटलं. पण बॉयलरखालचा कोळसा काही मुठीने थांबत नाही. वाफ होतच राहिली, तिला जायला वाट उरली नाही. दाब चढला, आणि बॉयलरवरच्या झडपेवर टांगलेलं वजन उचलून वाफ किंचाळत आकाशात सुटली.

थोड्याच वेळात शेठजींनी हिराजीला इंजिनघरात बोलावलं. हे कोणाचं डोकं, ते त्यांनी ओळखलं होतं. शेठजींचा चेहरा लाल झाला होता. वस्ताद आपल्या जागी शांत उभे होते. शेठजींनी त्यांना फर्मावलं, की आधी ही वाफ वाया जाणं थांबवा आणि गोळे खाली आणा.

“गोळे माझ्या हातात नाहीत,” वस्ताद म्हणाले. मग ते हिराजीकडे वळले, अगदी रोजच्यासारखे. “सांग, किती माग चालू आहेत?”

हिराजीने गोळ्यांकडे पाहिलं. ते भिंतीवरच्या सगळ्या रेघांच्या वर होते.

“एकही नाही, वस्ताद.”

शेठजी संतापाने म्हणाले, की मी या सगळ्यांना घरी पाठवीन. तेव्हा म्हाताऱ्याने तोंड उघडलं, आणि त्याला इतकं बोलताना हिराजीने त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, पुढेही ऐकलं नाही.

“पाठवा. आणि मग ही वाफ कशाला लावाल? शेठजी, तुम्हाला वाटतं, काम इंजिन करतं आणि माणसं नुसती जोडीला उभी आहेत. इंजिन जोर देतं, हे खरं. पण त्या जोराचं कापड मागाशी उभा असलेला माणूस करतो. तो हटला, की तुमचा हा सगळा जोर छपरावरून शिट्टी मारत निघून जातो, ऐका. मी त्या दिवशी ते चाक बसवायला नकार दिला असता, तर तुम्ही माझ्या जागी दुसरा आणला असता. एक माग सुटला तर गोळे हलत नाहीत. या यंत्राला एकटा माणूस दिसतच नाही. त्याला फक्त वजन कळतं. म्हणून मी माझा नकार राखून ठेवला, या सगळ्यांचा नकार गोळा होईपर्यंत. त्यात एका माणसाचा डोळा गेला, आणि त्याचा जाब मला द्यायचा आहे. पण आता नकार दोनशेंचा आहे, आणि तो गोळ्यांना दिसतो.”

वर वाफ किंचाळत होती. शेठजींनी एकदा झडपेकडे पाहिलं, एकदा गोळ्यांकडे, एकदा त्या निर्विकार म्हाताऱ्याकडे. दारातून मागांचं दालन दिसत होतं. तिथे एकही माणूस हलत नव्हता. अखेर ते म्हणाले, “जुनं चाक बसवा,” आणि वळून चालू लागले.

“आणि रावजी?” हिराजीने मागून विचारलं. शेठजी दारात थबकले. रावजीचा माग त्याच्यासाठी राखून ठेवावा, तो बरा होईल तेव्हा परत येईल, असं त्यांनी मागे न वळताच सांगितलं.

वस्तादांनी हिराजीच्या हातात पाना दिला. चार महिने ज्या पान्याची त्याने वाट पाहिली होती, तो हाच. त्याने वाफ बंद करून इंजिन थांबवलं, मोठं चाक काढलं, जुनं बसवलं, पट्टा चढवला आणि वाफ पुन्हा हळूहळू सोडली. अमावास्या होती, म्हणून त्या दिवशी मात्र कोणी माग चालवला नाही, आणि कोणी चालवायला सांगितलंही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा झाला. वस्तादांनी हिराजीला तेवढ्यापुरतं इंजिनघरात बोलावून घेतलं. एकेक करत मुठी ओढल्या गेल्या, गोळे भिंतीवरच्या रेघा उतरत उतरत खाली आले आणि आपल्या जुन्या जागी स्थिरावले.

“किती?” वस्तादांनी विचारलं.

“एकशे नव्याण्णव,” हिराजी म्हणाला. “रावजीचा बंद आहे.”

म्हाताऱ्याने मान वर केली. “एक माग गोळ्यांना दिसला?”

“नाही, वस्ताद. गोळ्यांना नाही दिसला. मला दिसला.”

वस्तादांनी भाजलेला हात त्याच्या खांद्यावर ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही. मग हिराजी उठला आणि भावाचा माग चालू करायला गेला.

आपला एकट्याचा नकार ज्याला वाया गेलासा वाटतो, त्याने तो टाकून देऊ नये. शेजारच्या मागावर कोण उभं आहे, ते आधी पाहावं.